बाबाची रजा, वीस तारीख आणि ओटीपीचा फोन

“नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी अकाउंट्स सांभाळतो. हाताखाली एक ज्युनिअर आहे. बायको पहिल्या बाळंतपणासाठी जळगावला माहेरी गेली आहे, डॉक्टरांनी १४ डिसेंबर तारीख दिली आहे. कंपनीच्या नियमपुस्तिकेत वडिलांच्या रजेबद्दल एक अक्षर नाही. माझ्या १७ पीएल शिल्लक आहेत. साहेबांसाठी मेल लिहून ठेवला आहे: ‘सर, डिसेंबरमध्ये पत्नीची डिलिव्हरी आहे. शक्य झाल्यास काही दिवस रजा मिळावी. लॅपटॉप सोबत असेल आणि मी फोनवर २४ तास उपलब्ध असेन.’ ऑक्टोबर संपत आला तरी पाठवायचं धाडस होत नाही, डिसेंबरात आमच्याकडे कामाची गर्दी असते. आई म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तू जाऊन काय करणार, बारशाला जा. मित्र म्हणतो, तारीख कुठे नक्की असते, फोन आला की निघ आणि मग सांग. मेल कसा लिहू? किती दिवस मागू?”
– एक वाचक, नाशिक

तुमच्या मेलमधलं सगळ्यात महागडं वाक्य शेवटचं आहे. २४ तास उपलब्ध राहीन हे तुम्ही साहेबांना दिलासा म्हणून लिहिलंत. त्यातून साहेबांना मात्र एवढंच कळतं की हा माणूस नसताना काम कसं चालेल याचा विचार झालेला नाही. जे होईल ते फोनवर होईल. मग डिसेंबरात रजा द्यायला कुठलाही साहेब कचरणारच. ‘काही दिवस’ म्हणजे चार की चौदा, आणि ‘शक्य झाल्यास’ म्हणजे नाही म्हटलं तर चालेल का, हेही त्यांनीच ठरवायचं. मेल वाचल्यावर साहेबांना पाच प्रश्न पडत असतील तर उत्तर ‘बघू’ असंच येतं. ते प्रश्न आधी आपणच सोडवून मेलमध्ये उत्तरं लिहायची, एवढंच काम आहे. पण त्यासाठी बसून विचार करावा लागतो.

आधी आईंच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो तुमच्याही मनात आहे असं पत्रावरून वाटतं. तू जाऊन काय करणार? माहेरी आई आहे, मावशी आहे, मालिशवाली ठरलेली आहे, हे खरं. पण दवाखान्यातल्या रात्रींचं काय? साध्या बाळंतपणाला दोन-तीन दिवस, सिझेरियन झालं तर चार-पाच दिवस मुक्काम असतो, आणि त्या रात्री पासष्टीच्या सासूबाईंनी बाकावर काढायच्या का? रक्त आणायला, बिलाच्या खिडकीशी, विम्याच्या मंजुरीसाठी माणूस लागतो. बऱ्याच बाळांना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ चढते. तेव्हा रक्त तपासायला आणि गरज पडली तर निळ्या दिव्याखाली ठेवायला पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखाना ती माहिती पाठवतो, पण आईवडिलांच्या नावातली अक्षरं बरोबर पडली आहेत का ते कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं. पुढे दुरुस्तीला घातलेले हेलपाटे त्यापेक्षा फार जास्त असतात.

एक मात्र आहे. जावई म्हणून जाल तर सासरच्यांचं काम वाढेल. चहा, ताट, आग्रहाचा आणखी एक लाडू, हे सगळं बाळंतिणीच्या घरात नको असतं. सासूबाईंना आधीच फोन करून सांगा की दवाखान्यातल्या रात्री माझ्या आणि डबा मीच नेईन. आणि या सगळ्याच्या आधी बायकोला विचारा. तुमच्या पत्रात आईंचं मत आहे, मित्राचं आहे, साहेबांची गर्दीसुद्धा आहे. तिचं काय म्हणणं आहे ते कुठेच नाही. तिला तुम्ही पहिल्या दिवशी हवे आहात की घरी परतल्यावर, यावर तुमच्या रजेचा आराखडा ठरतो.

आता हक्काचं. मातृत्व रजेचा कायदा १९६१ मध्ये आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती रजा २६ आठवड्यांची झाली. वडिलांसाठी खासगी क्षेत्रात तशी सक्ती नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व रजेसाठी खासगी विधेयक मांडलं होतं; त्याचा कायदा झाला नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोनपेक्षा कमी मुलं असतील तर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांच्या आत घ्यायची, नाहीतर बुडते. हे वाचणाऱ्यांपैकी जे केंद्राच्या नोकरीत आहेत त्यांनी ही मुदत लक्षात ठेवावी. ही रजा सहसा नाकारू नये असं नियमातच म्हटलं आहे.

तुमच्या बाबतीत नियमपुस्तिका गप्प आहे, म्हणून मेलच्या आधी एचआरला दोन ओळींत विचारा: अशी रजा कुणाला पूर्वी दिली आहे का? लहान कंपन्यांत लेखी नियम नसतो, पण मालकांनी कुणाला तरी आठवडा दिलेला असतो. उत्तर ‘नाही’ आलं तर पीएल मागा, पण कारण स्पष्ट लिहा. पीएल तुमची साठलेली आहे, ती मागताना ‘शक्य झाल्यास’ म्हणायची गरज नाही.

मित्राचा मुद्दा अर्धा खरा आहे. डॉक्टरांची तारीख म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेले ४० आठवडे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं थोडीच. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ केव्हाही आलं तरी ते वेळेवर आलं असंच धरतात. तुमच्या बाबतीत ३७ आठवडे पूर्ण होतात २३ नोव्हेंबरला. दुसऱ्या टोकाला, ४१ आठवडे म्हणजे २१ डिसेंबर उलटू लागला की डॉक्टर सहसा कळा आणण्याचं औषध सुचवतात. म्हणजे तारीख नक्की नसली तरी २३ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ही पट्टी बहुतेक नक्की आहे. मग साहेबांना तारीख सांगायची ती अशी: रजेचे दिवस पक्के, सुरुवात सरकती. दहा दिवस. अंदाजे १४ ते २४ डिसेंबर, मधला रविवार सोडून. बोलावणं ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून मोजायचे आणि तोवर कामावर हजर राहायचं. पहिलटकरणीच्या कळा बहुधा बरेच तास चालतात आणि नाशिक रोडहून जळगाव तीन-चार तासांवर आहे. त्यामुळे आधीच जाऊन रजा खर्च करायचं कारण नाही, डॉक्टरांनी धोक्याचं काही सांगितलं नसेल तर. सिझेरियन आधीच ठरलं असेल तर प्रश्नच मिटला, तारीख हातात असते.

पण सगळी रजा डिसेंबरात ओतू नका. माहेरच्या बाळंतपणात बाबाची खरी गरज पुष्कळदा नंतर लागते. सव्वा महिना झाला की बायको-बाळ नाशिकला येतील. तिथे आजी नाही, मालिशवाली नाही, रात्री तीनदा उठायला तुम्ही दोघंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तुमची बस. म्हणून चार दिवस तेव्हासाठी राखा. २६ जानेवारीची सुट्टी धरून २७ ते ३० जानेवारी मागा. दहा आणि चार मिळून चौदा. उरलेल्या तीन पीएल हाताशी ठेवा, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं किंवा टाके भरायला वेळ लागला तर त्या लागतील.

आता ज्यावर रजेची मंजुरी खरोखर अवलंबून आहे ते हँडओव्हर. अकाउंट्सच्या माणसाचं एक बरं असतं, त्याचं काम तारखांना बांधलेलं असतं. तुमचा डिसेंबर कागदावर मांडला तर गर्दी वाटते तेवढी नाही. सातला टीडीएसचा भरणा आणि अकराला विक्रीचं विवरण जीएसटीआर-१ हे दोन्ही १४ च्या आधी येतात, ते तुमच्याच हातून होतील. तुमच्या गैरहजेरीत पडतात ते दोनच दिवस. पंधराला पीएफ, ईएसआयसी आणि आगाऊ आयकराचा तिसरा हप्ता, विसाला महिन्याच्या जीएसटी भरण्याचं विवरण जीएसटीआर-३बी. साहेबांच्या डोक्यातली ‘डिसेंबरची गर्दी’ बहुधा ३१ तारखेच्या वार्षिक जीएसटी विवरणाची असते, आणि त्याची आकडेवारी सीए ऑफिसला २० नोव्हेंबरपर्यंत देऊन मोकळं होता येतं. हे त्यांना शब्दांत पटवत बसू नका, तारखा लिहून द्या.

ज्युनिअरला ‘सगळं समजावून सांगितलं’ हा हँडओव्हर नव्हे. तुमच्याकडे एक मोठी सोय आहे, ती वापरा. नोव्हेंबरचा पूर्ण फेरा, म्हणजे ७, ११, १५ आणि २० तारखेचं सगळं काम, ज्युनिअरला करू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. माऊसला हात लावू नका. जिथे तो अडून तुमच्याकडे बघेल ती जागा वहीत लिहा. ३बी भरताना १४ तारखेला पोर्टलवर येणारं, पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचं २बी आणि आपलं खरेदी रजिस्टर जुळवावं लागतं. ज्या पुरवठादाराने बिलच चढवलेलं नाही त्याचं क्रेडिट घ्यायचं नाही, आणि त्याला फोन कुणी करायचा, हे असलं काही टिपणात कधीच नसतं. ते तुमच्या डोक्यात असतं. एक फेरा झाला की अशा अडलेल्या जागांची यादी तयार होते आणि तीच तुमची हँडओव्हरची फाइल. २० नोव्हेंबरला फेरा संपतो, २३ नोव्हेंबरपासून बाळ केव्हाही येऊ शकतं. तीन दिवसांची फट आहे, म्हणून मेल याच आठवड्यात जायला हवा. मित्राचं ‘फोन आला की निघ आणि मग सांग’ इथे कोसळतं. निघता येईल, पण मागे २० तारीख आ वासून उभी असेल. ३बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज, आणि ते कुणामुळे लागलं हे ऑफिसात वर्षभर आठवणीत राहतं.

आणि ओटीपी. रजेवर गेलेल्या अकाउंटंटला येणारे बहुतेक फोन सल्ल्यासाठी नसतात, ‘सर, ओटीपी आलाय का बघा’ यासाठी असतात. तुम्ही लेबर रूमच्या बाहेर उभे, तिकडे गेटवर गाडी भरून तयार, आणि मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाच्या लॉगिनचा आकडा तुमच्या मोबाईलवर. म्हणून आत्ताच बसा आणि कोणत्या पोर्टलला आणि बँकेला तुमचा नंबर जोडलेला आहे ते शोधून काढा. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-यूजर तयार करता येतो आणि त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर जातो. डिस्पॅचच्या माणसाला तो करून द्या. जीएसटी पोर्टलवर सही करणाऱ्या संचालकांच्या नावापुढे सोयीसाठी तुमचा नंबर टाकलेला असेल, तर तो बदलून त्यांचा टाका. बँकेत तुम्ही मेकर, म्हणजे व्यवहार चढवणारे, असाल तर दुसरा मेकर नेमायला अधिकारपत्र आणि फॉर्म लागतो, आणि बँक त्याला किती दिवस घेईल हे बँकच जाणे. तो अर्ज पहिल्या आठवड्यात द्या.

संचालकांच्या डिजिटल सहीचा डोंगल तुमच्या ड्रॉवरमध्ये असतो ना? बहुतेक ठिकाणी असतो. ती सही ज्यांच्या नावाची त्यांनीच वापरायची असते. ही चांगली संधी आहे. डोंगल साहेबांसमोर संचालकांना परत द्या आणि नोव्हेंबरच्या ३बीला त्यांनीच पासवर्ड टाकून सही करून बघू द्या. डोंगलची मुदत कधी संपते तेही तेव्हाच बघा. मुदत डिसेंबरात संपत असेल तर वीस तारखेला रात्री आठ वाजता कळून उपयोग नाही. बाकीचे पासवर्ड व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. लिफाफ्यात घालून, सही करून, साहेबांच्या कपाटात.

हे झालं की संपर्काचा मुद्दा आपोआप लहान होतो. माझं मत स्पष्ट आहे: लॅपटॉप नेऊ नका. लॅपटॉप सोबत आहे हे कळलं की कुणीच फाइल उघडत नाही, तुम्हाला फोन करतात. पहिले तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवसापासून संध्याकाळी साडेपाच ते सहा, तोही फक्त ज्युनिअरचा. डिस्पॅच, खरेदी, स्टोअर सगळ्यांनी ज्युनिअरकडे जायचं आणि त्याला अडलं तर त्याने तुमच्याकडे यायचं. या वेळेबाहेर फोन फक्त साहेबांनी करायचा आणि तोही दोनच कारणांसाठी: खात्याची नोटीस आली तर, किंवा पैसे भरण्याची मुदत त्याच दिवशी संपत असेल तर. ‘तातडीचं असेल तर कधीही फोन करा’ असं लिहू नका. ऑफिसात तातडीचं काय नसतं? तातडी म्हणजे काय ते तुम्ही लिहिलं नाही, तर ती समोरचा त्याच्या घाईप्रमाणे ठरवतो.

मेल पाठवण्याआधी साहेबांना दोन मिनिटं समोर भेटा. चांगली बातमी आधी तोंडाने द्यायची आणि मग कागद. मेल साधारण असा. ऑफिसात इंग्रजी चालत असेल तर इंग्रजीत लिहा, क्रम हाच ठेवा.

विषय: बाळंतपणासाठी रजा – अंदाजे १४ ते २४ डिसेंबर, आणि २७ ते ३० जानेवारी

सर,

आज सकाळी बोलल्याप्रमाणे लिहितो आहे. पत्नीच्या बाळंतपणाची तारीख डॉक्टरांनी १४ डिसेंबर दिली आहे. ती जळगावला आहे. त्यासाठी मला एकूण १४ दिवस रजा हवी आहे. पितृत्व रजेची सोय नसल्याचं एचआरने कळवलं आहे, म्हणून ही रजा माझ्या शिल्लक १७ पीएलमधून धरावी.

पहिला भाग १० दिवसांचा, अंदाजे १४ ते २४ डिसेंबर, रविवार सोडून. २६ डिसेंबरला रुजू होईन. बाळंतपण २३ नोव्हेंबरनंतर केव्हाही होऊ शकतं. बोलावणं आधी किंवा नंतर आलं तर रजा त्या दिवसापासून सुरू होईल, दिवस दहाच राहतील. तोपर्यंत मी कामावर आहे. दुसरा भाग ४ दिवसांचा, २७ ते ३० जानेवारी, पत्नी व बाळ नाशिकला येतील तेव्हा. तिसऱ्या तिमाहीचं टीडीएस विवरण २५ जानेवारीपर्यंत भरलेलं असेल.

माझ्या गैरहजेरीतलं काम:
१५ डिसेंबर, पीएफ व ईएसआयसी: (ज्युनिअरचं नाव) चलन तयार करतील, आपण मंजूर कराल. आगाऊ कराचा आकडा सीए ऑफिसकडून १० डिसेंबरपर्यंत घेऊन ठेवतो.
२० डिसेंबर, जीएसटीआर-३बी: (ज्युनिअरचं नाव) तयार करतील, सीए ऑफिस तपासेल, सही संचालक करतील.
३१ डिसेंबर, वार्षिक विवरण: सर्व आकडेवारी २० नोव्हेंबरपर्यंत सीए ऑफिसला देतो, शेवटची तपासणी मी परतल्यावर.
रोजची ई-वे बिलं: डिस्पॅच विभाग, स्वतंत्र लॉगिनने.

७ ते २० नोव्हेंबरचं सर्व काम (ज्युनिअरचं नाव) माझ्या देखरेखीखाली करतील. त्यात अडचणी दिसल्या तर २१ नोव्हेंबरला आपल्याशी बोलतो. बँकेत दुसरा मेकर नेमण्यासाठी आपली सही हवी आहे, फॉर्म सोबत जोडला आहे.

रजेचे पहिले तीन दिवस मी फोनवर नसेन. त्यानंतर रोज संध्याकाळी ५.३० ते ६ (ज्युनिअरचं नाव) माझ्याशी बोलू शकतील. खात्याची नोटीस आली किंवा त्याच दिवशी मुदत संपणारा भरणा अडला, तर आपण कधीही फोन करावा.

डॉक्टरांनी जास्त दिवस थांबायला सांगितलं तर उरलेल्या ३ पीएलमधून वाढ मागेन आणि ते आदल्या दिवशी कळवेन.

शुक्रवारपर्यंत आपला होकार मिळाला तर नोव्हेंबरच्या फेऱ्याची तयारी सुरू करतो.

एवढंच. यात माफी नाही, हेही बघा. ‘गर्दीच्या काळात गैरसोय होत आहे याची जाणीव आहे’ वगैरे घालायचा मोह होईल. गैरसोय कशी टळेल ते लिहिलं की त्या वाक्याला काम उरत नाही. शेवटची शुक्रवारची ओळ मात्र ठेवाच, नाहीतर मेल ‘वाचला’ या अवस्थेत नोव्हेंबरभर पडून राहील.

निघायच्या दिवशी दोन ओळींचा मेसेज पुरे: “सर, आज जळगावला निघालो. रजा आजपासून, दहा दिवस. काम ठरल्याप्रमाणे (ज्युनिअरचं नाव) यांच्याकडे.” हा मेसेज आत्ताच लिहून फोनमध्ये ठेवा. त्या दिवशी हात चालत नाहीत.

साहेब नाही म्हणाले तर? सरळ ‘नाही’ क्वचित येतं. येतं ते ‘वीस तारीख होऊन जा ना’. तिथे काय सोडायचं आणि काय नाही हे मनाशी आधी ठरवा. सुरुवातीचा दिवस सोडू नका, कारण तो तुमच्याही हातात नाही. जानेवारीचे चार दिवस एखादा आठवडा पुढेमागे होऊ शकतात. दहाचे आठ होऊ शकतात, त्या बदल्यात जानेवारीत सहा मागा. ‘तिथून अर्धा वेळ काम कर’ असं आलं तर विचारा, कोणतं काम? बहुतेकदा उत्तर ३बी हेच असतं, आणि मग नोव्हेंबरचा फेरा बघून ठरवू म्हणा. ज्युनिअरने तो नीट केला तर प्रश्न परत येत नाही. नीट नाही केला, तर २० डिसेंबरला सीए ऑफिसचा माणूस दिवसभर येऊन बसेल अशी सोय करता येते. त्याचा खर्च कंपनीला परवडतो.

आणि जबाबदारीच्या जागेवरचा माणूस ऐन मोक्याला जात नाही, असं कुणी ऐकवलं तर २०२० चा ऑस्ट्रेलिया दौरा आठवा. विराट कोहली ॲडलेडची पहिली कसोटी खेळून घरी आला. रजा दौऱ्याला निघण्याआधीच मंजूर आणि जाहीर झालेली होती, कप्तानी रहाणेकडे. ॲडलेडला ३६ धावांत डाव आटोपलेला, तरी मालिका भारताने २-१ जिंकली. साहेब क्रिकेटवाले असतील तरच सांगा.

तुमच्यासारखेच पण वेगळ्या कामातले वाचक असतील, त्यांनी तारखांच्या जागी आपलं काय येतं ते बघावं. पाळीत काम करणाऱ्यासाठी हँडओव्हर म्हणजे मुख्यतः त्या पाळीला उभा राहणारा माणूस, त्याची आधीच मिळवलेली संमती आणि सुपरवायझरची सही. विक्रीत असाल तर ग्राहकांची यादी आणि कोणाला काय शब्द दिला आहे ते. शिक्षक असाल तर बदली तास आणि न तपासलेल्या वह्या. ओटीपीची तपासणी मात्र सगळ्यांनीच करावी. शाळेच्या पोर्टलचा नंबरही कुणा एकाच सरांचा असतो.

शेवटचं, तुमच्या खात्याचंच काम. साहेबांचं ‘ओके’ मेलवर आलं म्हणजे हजेरीच्या यंत्रात रजा चढली असं होत नाही. अंदाजे तारखांचा अर्ज आजच तिथे टाका आणि बाळ झाल्यावर खऱ्या तारखा बदलून घ्या. पगारपत्रक तुम्हीच करता, त्यामुळे डिसेंबरच्या पगारात स्वतःचेच दहा दिवस बिनपगारी दिसले तर तक्रार कुणाकडे करणार? आणि गट विम्यात बाळाचं नाव घालायची मुदत किती दिवसांची आहे ते एचआरला त्याच फेरीत विचारून घ्या.